हुशार ते कावेबाज: अक्कल सांगणाऱ्या मराठी शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नोकरीनिमित्त आलेल्या अमराठी लोकांना मी मराठी शिकवते आणि त्याबरोबर मुद्रितशोधनाची कामंही करते. दोन्हीकडे एका प्रकारचे प्रश्न सतत येतात. ‘मी तर कौतुक केलं होतं, समोरच्याला राग का आला?’ बहुतेक वेळा भांडणाचं मूळ हुशारीसाठी वापरलेल्या शब्दात निघतं. विद्यार्थ्यांनी, पालकांनी, शिक्षकांनी विचारलेले असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर.

१. हुशार, बुद्धिमान, कुशाग्र, चतुर, चाणाक्ष, धोरणी, धूर्त: एवढे शब्द कशाला? सगळ्यांचा अर्थ एकच ना?

एकच नाही. हे शब्द दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात, आणि हा भेद कळला की अर्धं काम होतं.

बुद्धिमान, कुशाग्र, तल्लख हे शब्द डोक्याच्या ताकदीबद्दल बोलतात. कुश म्हणजे दर्भ. त्याच्या टोकासारखी अणकुचीदार ती कुशाग्र बुद्धी. गणित चटकन सुटतं, वाचलेलं लक्षात राहतं, एवढंच हे शब्द सांगतात. त्या बुद्धीचं माणूस पुढे काय करतो याबद्दल ते काही बोलत नाहीत. चतुर, चाणाक्ष, धोरणी, बेरकी, धूर्त हे शब्द मात्र माणूस इतरांशी कसा वागतो याबद्दलचे आहेत. तो समोरच्याला ओळखतो, वेळ साधतो, आपला डाव झाकून ठेवतो.

वर्गात मी एक साधी चाचणी देते. शब्दाच्या मागे ‘जरा जपून राहा’ जोडून पाहायचं. ‘ती कुशाग्र बुद्धीची आहे, जरा जपून राहा’ हे वाक्य कानाला विचित्र लागतं, कारण जपायचं कशापासून ते कळत नाही. ‘तो धोरणी आहे, जरा जपून राहा’ हे मात्र लगेच पटतं. ज्या शब्दाला हे शेपूट सहज जुळतं, तो शब्द आज कौतुकाचा असला तरी उद्या संशयाचा होऊ शकतो.

हुशार हा शब्द या दोन्हींच्या मध्ये उभा आहे, म्हणून त्याचा प्रश्न वेगळा घेतला आहे.

२. ‘हुशार’ तरी नेहमी चांगलाच असतो ना?

विशेषण म्हणून जवळजवळ नेहमी. हा शब्द फारसीतल्या ‘होशियार’वरून आला. होश म्हणजे भान, आणि होशियार म्हणजे भानावर असलेला, सावध. दरबारातल्या ललकारीत जो ‘होशियार’ ऐकू येतो त्याचा अर्थ ‘बुद्धिमान’ असा नाही, ‘सावध व्हा’ असा आहे. मराठीत हा जुना अर्थ अजून शिल्लक आहे. दुपारी थकून आलेल्या माणसाने चहा घेतला की तो म्हणतो, ‘आता जरा हुशारी वाटली.’ इथे अकलेचा संबंध नाही, तरतरी आली एवढंच.

गडबड होते ती नामाबरोबर ‘करणे’ किंवा ‘दाखवणे’ आलं की. ‘मुलगा हुशार आहे’ हे कौतुक. ‘त्याची हुशारी दिसते’ हेही कौतुक. पण ‘हुशारी करू नकोस’, ‘तिथे फार हुशारी दाखवलीस’ ही दटावणी आहे. माणसाच्या अंगी असलेली हुशारी मराठीला आवडते. ठरवून केलेली, कुणावर तरी चालवलेली हुशारी आवडत नाही. ‘डोकं चालवणे’चंही असंच आहे. ‘त्याचं डोकं चालतं’ ही शाबासकी आणि ‘इथे डोकं चालवू नकोस’ हा दम.

३. ‘शहाणपण’ आणि ‘शहाणपणा’ यात फक्त एका कान्याचा फरक आहे. अर्थही एकच का?

मराठी शिकणाऱ्यांना मी हा फरक पहिल्याच महिन्यात सांगते, कारण तो चुकला तर वडीलधाऱ्यांचा अपमान होतो.

शहाणपण ही अंगी असलेली समज. ‘आजीच्या बोलण्यात शहाणपण आहे’, ‘ठेच लागल्यावर शहाणपण आलं.’ ते येतं, असतं, सुचतं. शहाणपणा मात्र केला जातो, शिकवला जातो, नको तिथे पाजळला जातो. ‘मला शहाणपणा शिकवू नकोस’ म्हणजे तुझ्या समजेची मला गरज नाही, तू आपली पायरी ओळख. नियम अगदी पोलादी नाही. ‘वेळीच माघार घेतली हा शहाणपणाच झाला’ असं वाक्य सरळ अर्थाने येऊ शकतं, आणि ‘शहाणपण शिकवू नकोस’ असंही लोक रागाने म्हणतात. पण ‘शहाणपणा करू नकोस’ याचा सरळ अर्थ कधीच निघत नाही.

एका विद्यार्थ्याने सोसायटीच्या ज्येष्ठ काकांना मनापासून सांगितलं, ‘काका, तुमचा शहाणपणा मला फार आवडतो.’ काका दोन आठवडे त्याच्याशी बोलले नाहीत. त्याला म्हणायचं होतं ‘तुमचं शहाणपण’.

४. एक शहाणा चांगला, मग दीड शहाणा आणखी चांगला का नाही? आणि साडेतीन शहाणे मग काय?

‘शहाणा’ हा शब्द संस्कृत ‘सज्ञान’वरून प्राकृतातून आला, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो, म्हणजे खुणेवर समजतं. ही पूर्ण एक माप अक्कल. त्यावर अर्धं माप जास्त पडलं की ती सांडते. दीडशहाण्याला सगळं येतं, फक्त थांबणं येत नाही. दुसऱ्याच्या कामात तो न विचारता दुरुस्ती सुचवतो. ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ ही म्हण त्याचंच पुढचं टोक. इतका विचार केला की बैलाला कामच मिळालं नाही.

साडेतीन शहाणे हा हिशेब वेगळा आहे. तिथे अकलेची मापं मोजलेली नाहीत, माणसं मोजलेली आहेत, आणि ती पदवी सन्मानाची आहे. पेशवाईतल्या मुत्सद्द्यांपैकी पुण्याचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे. नाना फडणवीस अर्धे. नाना बुद्धीला कमी होते म्हणून त्यांना अर्धं म्हटलेलं नाही. मसलत आणि तलवार अशी दोन्ही अंगं असली की शहाणा पूर्ण, आणि नानांकडे तलवारीचं अंग नव्हतं, असं त्याचं कारण सांगितलं जातं.

या चौघांकडे नीट पाहिलं तर या पानाचा सगळा विषय तिथे दिसतो. विठ्ठल सुंदर १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत निजामाच्या बाजूने लढताना मारले गेले. म्हणजे पुणेकरांच्या दृष्टीने हा शत्रूचा दिवाण, तरी त्याची गणना पूर्ण शहाण्यात. सखारामबापू राघोबादादांच्या जवळचे, पण १७७४ मध्ये ते राघोबांविरुद्ध उभ्या राहिलेल्या बारभाईंमध्ये होते. पुढे त्यांच्यावर पुन्हा राघोबांशी संधान बांधल्याचा आरोप आला आणि त्यांचा शेवट कैदेत झाला. माणूस तोच, बुद्धी तीच. ज्यांच्या बाजूने ती चालली त्यांच्यासाठी ते शहाणे, आणि ज्यांच्या विरुद्ध गेली त्यांच्यासाठी दगलबाज.

बारभाईंनी जे केलं त्याला इतिहासात ‘बारभाईंचं कारस्थान’ म्हणतात. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून झाल्यावर त्यांच्या तान्ह्या मुलाची गादी राखण्यासाठी केलेला हा राजकीय जमाव होता. आज ‘कारस्थान’ म्हटलं की काळी बाजू डोळ्यांसमोर येते, आणि हा वाक्प्रचार वाचणाऱ्या मुलांना बारभाई खलनायक वाटतात. त्या काळी कारस्थान म्हणजे राज्यकारभारातली मसलत, आणि कारस्थानी म्हणजे ती जमणारा माणूस. शब्दाची पत उतरली, माणसांची नाही. शिक्षकांनी हे वर्गात एकदा सांगावंच, अशी माझी विनंती आहे.

५. ‘धूर्त’ पूर्वी चांगल्या अर्थाचा होता असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, आणि त्याचा प्रवास मधूनच वळलेला आहे. संस्कृतात धूर्त म्हणजे ठक, जुगारी. जुन्या मराठीत तो वर चढला. समर्थ रामदासांच्या दासबोधात धूर्त हा जाणता, माणसं पारखणारा, प्रसंग ओळखणारा या अर्थाने येतो. त्याच ग्रंथात ‘पढतमूर्ख’ असा एक स्वतंत्र समास आहे. म्हणजे तिथला निंदेचा विषय शिकूनही न कळलेला माणूस आहे, धूर्त नव्हे. आजच्या मराठीत धूर्त पुन्हा खाली आला. आता कोणाला धूर्त म्हटलं की तो गोड बोलून आपला फायदा करून घेणारा.

व्यवहारातली अडचण अशी की जुनं लेखन वाचताना आजचा अर्थ लावला तर स्तुतीची निंदा होते. जुन्या मजकुरात धूर्त दिसला की त्याच्या शेजारचे शब्द पाहावेत. चतुर, जाणता, सावध यांच्या पंगतीत बसला असेल तर ते कौतुक आहे. कपटी, ठक यांच्या पंगतीत असेल तर नाही.

६. गनिमी काव्याचा आम्हाला अभिमान आहे. मग ‘कावेबाज’ ही शिवी कशी?

कावा म्हणजे मुळात घोड्याला गोल फिरवणं. त्यावरून बगल देणं, हुलकावणी, डावपेच असे अर्थ झाले. गनीम म्हणजे शत्रू, आणि मुघल मराठ्यांना गनीम म्हणत. तेव्हा ‘गनिमी कावा’ हे शब्दशः पाहिलं तर ‘शत्रूचा डाव’ असं होतं, आणि त्यातला शत्रू म्हणजे आपणच. दुसऱ्याच्या नजरेतून ठेवलेलं हे नाव आपण अभिमानाने मिरवतो, कारण तो डाव आपल्या बाजूचा होता आणि थोड्या फौजेने मोठ्या फौजेशी खेळलेला होता.

कावेबाज माणूस डाव टाकतो तो रणात नाही, घरात, कचेरीत, विश्वासाने जवळ आलेल्यावर. हा फरक बाजूचा आहे, आणि बळाचाही. दुबळ्याने बलवानावर केलेला कावा मराठीला मान्य आहे. मुलांच्या गोष्टींमध्ये हे कसं येतं ते प्रश्न ८ मध्ये पाहा.

७. मी मूळचा हिंदी भाषक. मराठीत ‘चलाख’ म्हटलं की लोक चिडत नाहीत, पण हिंदीत ‘चालाक’ म्हटलं तर चिडतात. असं का?

दोन्ही शब्द फारसी ‘चालाक’चेच, पण वेगळ्या घरी वाढले. हिंदीत चालाक म्हटलं की त्यात बहुधा लबाडीचा वास असतो. मराठीत चलाख म्हणजे चपळ, चटपटीत. पटापट काम उरकणाऱ्या मुलीला चलाख म्हणतात, आणि हात इतका वेगात की डोळ्याला दिसत नाही त्याला हातचलाखी म्हणतात. तरी प्रश्न २ मधला नियम इथेही लागतो. ‘चलाख आहे’ ठीक, ‘चलाखी केली’ म्हणजे फसवलं.

सावधगिरीची गोष्ट अशी की पुण्यात आता हिंदी रोज कानावर पडते, आणि तरुण मंडळी मराठी बोलताना ‘चालाक’ हाच शब्द हिंदी अर्थासकट वापरतात. तेव्हा कौतुक करायचं असेल तर ‘चटपटीत’ किंवा ‘तरतरीत’ म्हणा. त्यात गैरसमजाला जागा नाही.

८. मुलांना गोष्ट सांगताना अडते. माकडही खोटं बोलतं आणि मगरही. मग माकड हुशार आणि मगर लबाड का?

हा प्रश्न एका आईने विचारला, तिच्या सहा वर्षांच्या मुलीने विचारल्यावर. मला तो या पानावरचा सगळ्यात चांगला प्रश्न वाटतो.

पंचतंत्रातली गोष्ट आठवा. मगर मित्र होऊन माकडाला पाठीवर घेते, आणि पाण्याच्या मध्यावर कळतं की तिला त्याचं काळीज हवं आहे. माकड म्हणतं, काळीज तर झाडावरच राहिलं, चल परत. किनारा येताच ते झाडावर उडी मारतं. खोटं दोघंही बोलले. मगर आधी बोलली, आणि तिच्या खोट्याने मित्राचा जीव जाणार होता. माकडाचं खोटं जीव वाचवण्यापुरतं होतं आणि सुटका होताच संपलं. सिंहाला विहिरीतलं प्रतिबिंब दाखवणारा ससाही खोटंच बोलतो, पण त्याला आपण चतुर म्हणतो. कोल्ह्याला लबाड म्हणतो, कारण तो दुसऱ्याचा घास आपल्या तोंडात पाडून घेतो.

मुलीला इतकंच सांगता येईल की खोटं बोलण्याने कोण वाचलं आणि कोणाचं गेलं ते बघ, मग शब्द निवड. तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला म्हणे, ‘मग मी दूध न पिता प्यायले म्हटलं तर मी माकड की मगर?’ आईने तिला ‘लबाड’ म्हटलं आणि जवळ घेतलं. त्या ‘लबाड’चा अर्थ पुढच्या उत्तरात आहे.

९. लहान मुलाला ‘लबाड’ म्हणणं चुकीचं आहे का?

नाही. घरातल्या लहान मुलाला हसत म्हटलेला ‘लबाड कुठला!’ हा लाडाचा शब्द आहे. त्याची चोरी पकडली गेली आहे आणि माफही झाली आहे, असं तो सांगतो. वयाबरोबर हा लाड संपतो. मोठ्या माणसाला लबाड म्हटलं तर तो थेट खोटारडेपणाचा आरोप आहे. ‘लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही’ या म्हणीत लाड कुठेच नाही. शाळेत शिक्षकांनी हा शब्द टाळावा. घरचा लाड वर्गात चाळीस जणांसमोर ठपका होतो.

१०. कौतुकाचा संशय नेमका कधी होतो? एखादं उदाहरण सविस्तर सांगाल का?

माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत हे घडताना मी जवळून पाहिलं. जुनी इमारत, चोवीस बिऱ्हाडं, पुनर्विकासाची बोलणी चाललेली. सेक्रेटरी निवृत्त गृहस्थ. कराराचा मसुदा आला तेव्हा सगळी पानं वाचणारे ते एकटेच. त्या वेळी सगळे म्हणत, ‘आपले सेक्रेटरी हुशार आहेत.’

पार्किंगच्या कलमात ‘उपलब्धतेनुसार’ असा एक शब्द होता. तो त्यांनी पकडला आणि काढून घेतला. त्या संध्याकाळी शब्द बदलला, ‘चाणाक्ष माणूस.’ चाणाक्ष हा शब्द चाणक्याच्या नावाशी जोडला जातो. जे दुसऱ्याच्या नजरेतून निसटतं ते टिपणारा, असा त्याचा आजचा अर्थ. लेखक ‘चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल’ म्हणतात ते याच अर्थाने. पुढे विकासकाशी घरभाड्याची बोलणी झाली. सेक्रेटरी तीन बैठका गप्प बसले, समोरचा घाईला आला, आणि चौथ्या बैठकीत दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करण्याची अट त्यांनी मान्य करून घेतली. आता ते ‘धोरणी’ झाले.

मग नव्या घरांच्या वाटपाची यादी आली. त्यात पहिल्या मजल्यावरचं पूर्वेचं घर सेक्रेटरींच्या नावावर होतं, आणि त्याबद्दल ते आधी कोणाशी बोलले नव्हते. लोकांना त्यांच्या त्या तीन बैठका आठवल्या. ज्या गप्प बसण्याला धोरण म्हटलं होतं, त्यालाच आता ‘आतल्या गाठीचा माणूस’ म्हणू लागले. आठवड्याभरात ‘कावेबाज’ हा शब्द जिन्यात ऐकू आला.

गंमत म्हणून सांगत नाही, मला याचं वाईट वाटलं. कारण नंतर कळलं की खालचे मजले सत्तरीपुढच्या सभासदांना द्यायचे असं कलम मसुद्यातच होतं. त्यात सेक्रेटरींसह पाच जण बसत होते, आणि ते कलम सगळ्यांना पाठवलेल्या प्रतीत छापलेलं होतं. गैरसमज दूर झाला. पण शब्द मूळ जागी गेला नाही. पुन्हा कोणी ‘धोरणी’ म्हणालं नाही. ‘तसा हुशार माणूस आहे’ इथपर्यंतच तो परत आला.

यात दोन गोष्टी दिसतात. सेक्रेटरींचं वागणं पहिल्या बैठकीपासून शेवटच्या यादीपर्यंत एकच होतं: वाचायचं, थांबायचं, कमी बोलायचं. फायदा सगळ्यांचा होता तोवर ते धोरण होतं, आणि फायदा त्यांचा एकट्याचा आहे असं वाटताक्षणी त्याला गाठ म्हटलं गेलं. दुसरी गोष्ट म्हणजे हे शब्द खाली पटकन उतरतात आणि वर चढताना अर्ध्या वाटेत थांबतात. तो ‘तसा’ तिथे राहतोच.

११. या ‘तसा’सारखे आणखी कोणते शब्द कौतुक वाकवतात?

ऐकणाऱ्याने विशेषणाकडे कमी आणि त्याच्या आजूबाजूला जास्त लक्ष द्यावं. ‘हुशार आहे’ सरळ आहे. ‘हुशार आहे हो’ यात हो लांबवला तर पुढे ‘पण’ येणार. ‘जरा जास्तच हुशार आहे’ यात कौतुक संपलेलं आहे. ‘मोठा शहाणा’, ‘शहाणाच आहेस’, ‘काय पण चतुर’ हे सगळे उलट अर्थाचे. पुण्यात आदरार्थी बहुवचनाने धार वाढते. एरवी ‘अरे’ म्हणणारा शेजारी अचानक ‘आपण फार हुशार आहात’ म्हणाला, तर तो आदर समजू नये.

खात्री करायची असेल तर पुढचं वाक्य ऐका. खऱ्या कौतुकानंतर लोक उदाहरण देतात, ‘काल किती पटकन हिशेब लावला!’ संशय असेल तर उदाहरण येत नाही, गप्प बसतात किंवा विषय बदलतात.

१२. बेरकी, बनेल, इरसाल हे वाईट शब्द आहेत, तरी लोक हसत का वापरतात?

बेरकी माणूस भोळेपणाच्या मागे सगळं ओळखून असतो. गावाकडच्या म्हाताऱ्याला बेरकी म्हणताना त्यात कौतुक असतं, कारण तो फसत नाही. त्याच्यापासून आपलं काही जाणार नाही हे ठाऊक असतं तोवरच ते कौतुक टिकतं. जमिनीच्या व्यवहारात तोच म्हातारा समोर बसला की त्या शब्दातलं हसू जातं. बनेल मात्र मुरलेला, आणि त्याच्याबद्दल माया क्वचितच.

इरसाल हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ पाठवणं, त्यावरून खजिन्यात पाठवलेला वसुलीचा भरणा. तिथून तो ‘अस्सल, नमुनेदार’ या अर्थाला आला. म्हणून इरसाल माणूस हा आपल्या जातीचा पक्का नमुना. तो कसला नमुना आहे ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

१३. बाईसाठी हे शब्द वेगळ्या अर्थाचे होतात का?

होतात, आणि ते अन्यायाचं आहे. ‘चालू’ हा शब्द पुरुषाला लावला तर तो पैशाच्या किंवा कामाच्या लबाडीबद्दल असतो. बाईला लावला तर तिच्या चारित्र्यावर जातो. ‘पोहोचलेली’चंही तेच. आपली जमीन सांभाळणारा भाऊ धोरणी ठरतो, आणि आपला हिस्सा मागणारी बहीण कारस्थानी. मुद्रितशोधन करताना अशी जोडी मजकुरात दिसली तर मी लेखकाला फोन करून विचारते की दोघांच्या कृतीत नेमका फरक काय. फरक नसेल तर शब्दही एकच ठेवावा. बोलतानाही कोणत्याच बाईला ‘चालू’ म्हणू नये, थट्टेतही नाही.

१४. ‘स्मार्ट’ वापरला तर या सगळ्या भानगडीतून सुटका होते ना?

होत नाही. मराठीत स्मार्ट म्हणजे आधी दिसायला टापटीप, मग हुशार. आणि तो आपल्या व्याकरणात आला की आपलेच नियम पाळतो. ‘स्मार्ट आहे’ कौतुक, ‘स्मार्टपणा करू नकोस’ दटावणी (प्रश्न २ आणि ३ पाहा), ‘ओव्हरस्मार्ट’ म्हणजे दीडशहाणा (प्रश्न ४).

१५. प्रगतिपुस्तकात किंवा शिफारसपत्रात काय लिहावं?

प्रगतिपुस्तकात ‘तल्लख’, ‘आकलन चांगले’, ‘चौकस’ हे शब्द निर्धास्त वापरावेत. ‘चतुर’ बोलताना गोड लागतो, कागदावर तो वाचणाऱ्याच्या मनःस्थितीवर सोडला जातो. ‘चलाख’ हिंदी भाषक पालकांकडे जाणार असेल तर टाळावा (कारण प्रश्न ७ मध्ये).

शिफारसपत्रात वागण्याबद्दलचं विशेषण एकटं सोडू नये. ‘त्या धोरणी आहेत’ एवढं लिहिलं तर नव्या ठिकाणचा साहेब विचारात पडेल. ‘पुरवठादाराशी दर ठरवताना त्यांनी धोरणीपणे संस्थेचा खर्च वाचवला’ असं लिहिलं की ते धोरण कोणाच्या कामी आलं ते वाक्यातच कळतं.

१६. मी रागात सासऱ्यांना ‘फार धूर्त आहात’ म्हणाले. आता कसं सावरू? ‘मी जुन्या अर्थाने म्हणाले’ सांगू का?

सांगू नका. प्रश्न ५ मधला जुना अर्थ खरा आहे, पण भांडणानंतर तो काढला तर त्यांना ती दुसरी चलाखी वाटेल. दुसरा गोड शब्द लावूनही भागणार नाही, कारण प्रश्न १० मध्ये पाहिलं तसं वर चढणारा शब्द अर्ध्यातच अडतो. ज्या गोष्टीवरून बोललात तिचंच नाव घ्या. ‘बाबा, घराच्या कागदांबद्दल तुम्ही मला आधी सांगितलं नाहीत, त्याचं मला वाईट वाटलं. तो शब्द मी वापरायला नको होता.’ मग त्यांना बोलू द्या.